साचलेलं व्याज आणि साडेपाच हजारांची आरडी

२०२३च्या दिवाळीत भाऊबीजेला मामांकडे गेले तेव्हा माझ्या खात्यात बारा हजार रुपये होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होते. पुण्यात नोकरी लागून चार महिने झाले होते. टेस्टिंगचं काम, हातात २६,८०० पगार. कर्वेनगरात तिघींत घेतलेल्या खोलीचे माझ्या वाट्याचे साडेपाच हजार, डब्याचे ३,२००, बस आणि फोनचे मिळून दीड हजार, आणि घरी पाच हजार. एवढं जाऊनही पैसे उरत होते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता पुढच्या वर्षी सुरू होणार होता, त्यामुळे तोवर म्युच्युअल फंडात दरमहा पैसे टाकायची एखादी एसआयपी सुरू करावी, असं ऑफिसातल्या मुलींचं बघून मी ठरवलं होतं.

मामा तीस वर्षं पतसंस्थेत हिशोबनीस होते. फराळाची ताटं उचलल्यावर त्यांनी विचारलं, "कर्जाचं स्टेटमेंट आहे का मोबाइलात?" मी म्हटलं, "मामा, हप्ता अजून कुठं सुरू झालाय?" ते म्हणाले, "हप्ता नाही सुरू झाला. व्याज कधीपासून सुरू आहे ते बघू की."

कर्ज चार लाखांचं होतं. बार्शीत बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात एमसीएला प्रवेश मिळाला आणि अण्णांनी गावाजवळच्या एका सरकारी बँकेतून ते काढलं. मागे अण्णा सहकर्जदार. चारच लाख का, तर तिथपर्यंत स्वतःचा हिस्सा, म्हणजे बँकेच्या भाषेत मार्जिन, घालावा लागत नाही. पहिले दोन लाख १५ डिसेंबर २०२१ला कॉलेजच्या खात्यात गेले, दुसरे दोन लाख १५ ऑक्टोबर २०२२ला. पहिला धनादेश गेला तेव्हा व्याजदर होता ८.१५ टक्के, त्यात मुलगी म्हणून मिळालेली अर्ध्या टक्क्याची सूट धरलेली. हा दर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याला, बांधलेला होता, हे मंजुरीपत्रात लिहिलेलं होतं आणि आमच्यापैकी कुणी वाचलेलं नव्हतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला आणि माझा दर त्याच्या मागे मागे १०.६५ वर जाऊन बसला. मी तेव्हा डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास करत होते.

मामांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मुद्दल ४,००,०००. त्याखाली साचलेलं व्याज, ५७,४००च्या आसपास. माझे बारा हजार एकदम फार लहान दिसायला लागले.

मी लगेच म्हटलं, "मग हे आधी भरून टाकते. दर महिन्याला सात-आठ हजार." इथे मामा जे म्हणाले ते मला त्या क्षणी पटलंच नाही. ते म्हणाले, "साठवत जा. पण भरू नकोस. आत्ता तर मुळीच नको."

त्यांचं गणित असं होतं. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, यात हप्ता मागितला जात नाही. याला बँकवाले मोरेटोरियम म्हणतात. माझ्या मंजुरीपत्रात अभ्यासक्रम संपण्याची तारीख ३१ जुलै २०२३ होती, म्हणजे मोरेटोरियम ३१ जुलै २०२४पर्यंत. या काळात व्याज साधं लागतं, म्हणजे फक्त मुद्दलावर. चार लाखांवर १०.६५ टक्क्यांनी वर्षाचे ४२,६००, महिन्याचे ३,५५०. साचलेल्या ५७ हजारांवर पुन्हा व्याज लागत नाही. ते नुसते पडून असतात. पण ज्या दिवशी मोरेटोरियम संपेल, त्या दिवशी सगळं साचलेलं व्याज मुद्दलात मिसळेल आणि तिथून पुढे त्यावरही १०.६५ टक्के सुरू होतील.

"आत्ता तू पाच हजार भरलेस तर ते आधी व्याजात जिरणार," मामा म्हणाले. "मुद्दल चार लाखच राहणार, पुढच्या महिन्याचं व्याजही तेवढंच लागणार. मग भरून मिळवलंस काय? तेच पैसे तुझ्याजवळ राहिले तर दोन पैसे व्याज आणतील, आणि मध्येच गरज पडली तर हाताशी असतील. भरायचे ते शेवटच्या आठवड्यात. मुद्दलात मिसळायच्या आधी."

म्हणजे माझ्याकडे आठ-नऊ महिन्यांची अशी खिडकी होती, जिच्यात बचत आणि कर्जफेड यांचं भांडणच नव्हतं. एकच पैसा जुलैपर्यंत बचत म्हणून राहणार होता आणि जुलैत कर्जफेड होणार होता.

अर्थात हे सगळं उभं होतं "साधं व्याज" या दोन शब्दांवर. मामांनी बजावलं, की मंजुरीपत्र वाच आणि नुसत्या कागदावर विश्वास ठेवू नकोस, स्टेटमेंटमध्ये तपास. तपासायची रीत सोपी निघाली. दर तोच असताना महिन्याचं व्याज तेवढंच राहतंय की हळूहळू फुगतंय, एवढंच बघायचं. फेब्रुवारी २०२३नंतरचे माझे आकडे ३१ दिवसांच्या महिन्यात ३,६१८ आणि ३० दिवसांच्या महिन्यात ३,५०१ असेच आलटून पालटून येत होते. म्हणजे व्याज साधंच होतं. माझ्या खोलीतल्या एका मैत्रिणीचं कर्ज बिगरबँक कंपनीचं होतं. तिच्या स्टेटमेंटमध्ये दर महिन्याचा आकडा आधीच्यापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी मोठा होता. तिथे व्याजावर व्याज चढत होतं, त्यामुळे तिच्यासाठी मामांचा सल्ला बरोबर उलटा, जमेल तेवढं लगेच भर.

दोन गोष्टी मात्र आमच्या हातून आधीच निसटल्या होत्या. शिकत असल्यापासून दर महिन्याचं व्याज भरत गेलं असतं, तर पुढे हप्त्यांच्या काळात दरात एक टक्का सवलत मिळेल असं मंजुरीपत्रात होतं. पण ती पहिल्या महिन्यापासून भरणाऱ्यांना, मध्येच सुरुवात करणाऱ्यांना नाही. दुसरी म्हणजे केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम व्यावसायिक असेल तर मोरेटोरियमचं व्याज सरकार भरतं. तहसीलदाराचा दाखला आम्हाला सहज मिळाला असता. पण संस्थेला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं मूल्यांकन असावं लागतं, आणि माझ्या कॉलेजला तेव्हा दोन्ही नव्हतं. प्रवेश घेताना कॅन्टीन चांगलं आहे का हे मी विचारलं होतं. मूल्यांकनाचं विचारलं नव्हतं.

मग आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची आवर्ती ठेव, काढायला बसले, तर तिथेही चूक होता होता राहिली. नोव्हेंबर ते जुलै असे नऊ महिने मोजून मी नऊ महिन्यांची आरडी काढणार होते. मामांनी फोनवर विचारलं, "पहिला हप्ता कधी?" म्हटलं, २० नोव्हेंबर. "मग नऊ महिने पुरे होतात २० ऑगस्टला. तुझी तारीख ३१ जुलै आहे. वीस दिवसांसाठी आरडी मोडशील आणि व्याजात काट खाशील." म्हणून आठ महिन्यांची काढली, साडेपाच हजारांची, २० जुलैला मुदत संपणारी. शिवाय दर महिन्याचे अडीच हजार मी मुद्दाम आरडीत न टाकता दुसऱ्या एका बचत खात्यात ठेवायचं ठरवलं. त्या खात्याचं कार्ड खोलीवर कपाटात, फोनमध्ये यूपीआयला जोडलेलं नाही. आधीचे बारा हजारही तिकडेच हलवले.

फेब्रुवारीत अण्णांचा फोन आला. बोअरची मोटार जळाली होती. ज्वारी रानात उभी, पाण्याची एक पाळी राहिलेली. रिवाइंडिंग, केबल आणि मोटार वर काढणाऱ्यांची मजुरी धरून चौदा हजार. अण्णा मागत नव्हते, नुसतं सांगत होते. पण त्यांच्या नुसतं सांगण्याचा अर्थ आम्हा भावंडांना कळतो. त्या वेगळ्या खात्यात बावीस हजार जमले होते. संध्याकाळी चौदा हजार पाठवले. हेच पैसे मी दिवाळीनंतर उत्साहाने बँकेत भरून मोकळी झाले असते, तर ते परत मागायला बँकेत जाता आलं नसतं. मैत्रिणीकडून घेतले असते, नाहीतर मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपकडून, आणि तिकडचे दर १०.६५ नसतात.

जुलै उजाडला. आरडीचे ४४,००० आणि वर साधारण हजार रुपये व्याज, असे ४५,००० हातात आले. जुलैच्या पगारातले साडेपाच हजार आणि बचत खात्यातले तीनशे घालून ५०,८०० झाले. साचलेलं व्याज महिनाअखेर होणार होतं ८९,४००. वेगळ्या खात्यात अजून वीस हजार होते. तेही घालून टाकावेत असं फार वाटलं. मामा म्हणाले, "ते राहू दे. मोटारी वर्षातून एकदाच जळतात असं नाही." २६ जुलैला ५०,८०० भरले, पावती घेतली. उरलेले ३८,६०० एक ऑगस्टला मुद्दलात मिसळले आणि नवं मुद्दल झालं ४,३८,६००. काहीच भरलं नसतं तर ते ४,८९,४०० झालं असतं. सात वर्षांच्या मुदतीने बघितलं तर हप्त्यात ८६० रुपयांचा फरक पडतो, ८४ महिन्यांचे बहात्तर हजार. पन्नास हजार आठशे भरून बहात्तर हजार वाचले.

आता मुदत किती घ्यायची हा प्रश्न आला. शाखेत साहेबांनी संगणकावर तीन आकडे काढून दाखवले. पंधरा वर्षांना ४,८८९, दहा वर्षांना ५,९५५, सात वर्षांना ७,४२९. पगार तेव्हा साडेतीस हजारांवर गेला होता, सात वर्षांचा हप्ता ओढून ताणून झेपला असता. पंधरा वर्षं घेतली तर शेवटपर्यंत जवळजवळ ८,८०,००० भरावे लागणार, म्हणजे मुद्दलाच्या दुप्पट. ते नको हे उघड होतं. सात आणि दहामध्ये मी दोन दिवस घोळ घातला.

शेवटी दहा घेतली, आणि त्यामागचं कारण मला आजही बरोबर वाटतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. म्हणजे दहा वर्षांचं कर्ज मी माझ्या मर्जीने सात वर्षांत संपवू शकते. पण सात वर्षांचं कर्ज मला नोकरी गेल्यावर दहा वर्षांवर नेता येईलच असं नाही. तिथे अर्ज, कारणं, विनवण्या आल्या. सात वर्षांच्या हप्त्यातले दर महिन्याचे १,४७४ रुपये जास्तीचे मी भरायचेच, पण बँकेच्या सक्तीने नाही. आमच्या कंपनीत त्याच वर्षी एक प्रोजेक्ट बंद होऊन अकरा जणांना घरी बसवलं होतं, त्यामुळे हा विचार पुस्तकी नव्हता.

पहिला हप्ता ५ सप्टेंबरला होता. आमचा पगार सात तारखेला होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, आणि हप्ता खात्यातून आपोआप कापायच्या परवानगीचं मँडेट भरताना कुणी विचारलंही नाही. पाच तारखेला दुपारी अण्णांचा फोन. आवाज अगदी खालचा. "बाळा, बँकेचा मेसेज आलाय. हप्ता भरला गेला नाही म्हणून." सहकर्जदार म्हणून मेसेज त्यांनाही जातो, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी आयुष्यात सोसायटीचं पीककर्ज कधी थकवलेलं नाही. त्यांना वाटलं माझी नोकरी गेली. त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. दोन्ही बँकांच्या दंडापोटी जीएसटीसह ५९० रुपये गेले, ते त्यामानाने काहीच नाही. सात तारखेला पगार झाल्या झाल्या हप्ता हाताने भरला. मग कर्ज असलेल्या बँकेतच बचत खातं उघडलं, हप्त्याची तारीख दहा करून घेण्याचा अर्ज दिला आणि त्या खात्यातून पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना दिली. त्या खात्यात एक हप्ता कायम जास्तीचा पडून असतो. त्याच्यावर व्याज जवळजवळ शून्य मिळतं, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

त्यानंतरचे सहा-सात महिने बचतीचे होते. कर्ज १०.६५ टक्क्यांचं, आरडी सहा टक्क्यांची. म्हणजे आरडीत टाकलेल्या प्रत्येक शंभर रुपयांवर मी वर्षाला साडेचार रुपये गमावत होते, हे मला नीट माहीत होतं. मोटारीच्या अनुभवानंतर ते साडेचार रुपये मी विम्याचा हप्ता समजून दिले. पण विमा किती घ्यायचा याला मर्यादा हवी. खोली, डबा, बस, घरचे पैसे आणि कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला सुमारे बावीस हजार लागत होते. तीन महिन्यांचे पासष्ट हजार धरले आणि ठरवलं, की तिथपर्यंत बचत, त्यापुढचा प्रत्येक रुपया कर्जात. दर महिन्याचे साडेचार हजार आणि दिवाळीच्या बोनसमधले बारा हजार धरून फेब्रुवारी २०२५मध्ये तो आकडा चौसष्ट हजारांवर पोचला. पासष्टला हजार कमी. मी तिथेच थांबले.

या काळात ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या परीने मला शहाणं करायचा प्रयत्न केला. एकजण म्हणायचा, "कर्ज फेडू नकोस, म्युच्युअल फंडात टाक, बारा टक्के सुटतात." सुटतीलही. पण १०.६५ टक्के वाचणं ठरलेलं आहे आणि बारा टक्के मिळणं ठरलेलं नाही. दीड टक्क्याच्या आशेवर रात्रीची झोप घालवावी अशी माझी परिस्थिती नव्हती. दुसरी म्हणायची, "आयकराच्या ८०ई कलमात व्याजाची वजावट मिळते, कर्ज असू दे." वजावट मिळते, पहिल्यांदा व्याज भरलं त्या वर्षापासून आठ वर्षं, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि माझ्या पगारावर कोणत्याच प्रणालीत कर बसत नव्हता. नसलेल्या करातून वजावट कशाची करायची? निवृत्तीसाठी काहीतरी सुरू कर, असंही एकदा ऐकलं. तर ते माझ्या पगारपत्रकात पहिल्या महिन्यापासून चालू होतं. पीएफचे १,८०० माझे आणि तेवढेच कंपनीचे. २०२३-२४ला पीएफच्या शिलकेवर सव्वाआठ टक्के मिळाले होते. दूरची बचत म्हणून मी त्यालाच धरलं. नोकरी बदलताना तो काढून फोन घ्यायचा नाही, एवढंच पथ्य.

मार्चपासून साडेचार हजार बाजूला पडत गेले. जूनमध्ये अठरा हजार झाले. तोवर दहा हप्ते गेले होते. ५९,५५० रुपये भरून मुद्दल कमी झालं होतं सुमारे साडेएकवीस हजारांनी. बाकी सगळं व्याजात गेलं. सुरुवातीच्या हप्त्यांचं असंच असतं हे वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या स्टेटमेंटवर बघताना पोटात कालवतं. म्हणूनच सुरुवातीच्या काळात वरून टाकलेला रुपया जास्त काम करतो. १८ जूनला मी मोबाइलवरून अठरा हजार कर्जखात्यात भरले आणि त्या रात्री दोघी मैत्रिणींना मस्तानी पाजली.

१० जुलैला हप्ता कापला गेला नाही. आधी वाटलं बँकेला सुट्टी असेल. अकरा, बारा, तेरा. खात्यात पैसे जसेच्या तसे. थकीत म्हणून मेसेज येईल या भीतीने ॲप उघडलं, तर तिथे "पुढील देय हप्ता: ऑक्टोबर". मग उजेड पडला. अठरा हजार म्हणजे तीन हप्ते आणि वर १३५ रुपये. बँकेच्या संगणकाने माझे पैसे मुदतपूर्व फेड म्हणून न धरता पुढच्या तीन महिन्यांचे आगाऊ हप्ते म्हणून धरले होते. शिल्लक कमी झाल्यामुळे व्याज थोडं कमी लागत होतं हे खरं, पण तीन महिने हप्ताच गेला नाही तर ऑक्टोबरात मी जवळपास तिथेच येऊन उभी राहणार होते. मेहनतीने पुढे मारलेली उडी बँक हळूहळू मागे घेत होती. आणि कुणाला खात्यात उरलेले ते सहा हजार दिसले तर तो खर्च करून मोकळा होईल, हप्ता गेलाच नाही या आनंदात.

शनिवारी गावाकडची शाखा गाठली. काउंटरवरचे साहेब म्हणाले, "मॅडम, आगाऊ भरलंय ते चांगलंच आहे की." त्यांना समजावणं सोपं नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने खातं निरोगी होतं. शेवटी पांढऱ्या कागदावर अर्ज लिहिला: अमुक तारखेला भरलेली रु. १८,०००ची रक्कम मुदतपूर्व अंशतः फेड म्हणून मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता तोच ठेवावा, मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा. शेवटची तीन वाक्यं मामांनी फोनवर शब्दशः सांगितली होती. हप्ता तोच ठेवा असं लिहिलं नाही, तर काही ठिकाणी मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून देतात, आणि दिसायला गोड असलं तरी त्यात व्याज फारसं वाचत नाही. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच म्हणून शिक्का घेतला. जुलैचा हप्ता मी तिथेच रोखीने भरला.

तक्ता यायला ऑगस्ट उजाडला, दोन फोन आणि एक फेरी करून. त्यात आणखी एक गोष्ट दिसली, जिची मी काही वाट बघत नव्हते. २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो फेब्रुवारी, एप्रिल आणि जूनमध्ये मिळून एक टक्क्याने खाली आणला होता आणि माझा दर ९.६५ झाला होता. २०२२मध्ये दर चढताना जसा कुणी विचारायला आला नव्हता, तसा उतरतानाही आला नाही. हप्ता तोच राहिल्यामुळे फायदा मुदतीत उतरला होता. मूळ हिशोबाने शेवटचा हप्ता ऑगस्ट २०३४मध्ये होता. नव्या तक्त्यात तो जुलै २०३३ दिसत होता. तेरा महिने कमी. त्यातले साधारण निम्मे दर उतरल्यामुळे आणि निम्मे त्या अठरा हजारांमुळे. अठरा हजार म्हणजे आजचे तीन हप्ते, पण शेपटाकडून त्यांनी सहा-सात हप्ते खाल्ले.

आता चार-चार महिन्यांनी जमेल तेवढं भरते, आणि भरायच्या आधी शाखेत मेल पाठवून, उत्तर आल्यावरच. पासष्ट हजारांच्या पेटीतून यंदा एकदाच पैसे निघाले, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी, नऊ हजार. ती पेटी पुन्हा भरेपर्यंत दोन महिने कर्जात वरचं काही टाकलं नाही.

या दिवाळीत मामांना नवा तक्ता दाखवला. त्यांनी तो नेहमीसारखा डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मध्ये एका महिन्याचं व्याज कागदावर गुणून बघितलं, आणि फरक का येतोय म्हणून मला दिवसांची संख्या मोजायला बसवलं. फेब्रुवारी होता. अठ्ठावीस दिवस धरायचे राहिले होते.